विश्लेषण : वाऱ्यात बाल्कनीचे दार धरून ठेवणारा चुंबक जमिनीवर लावावा की भिंतीवर?

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याच्या आगेमागे कधीतरी संध्याकाळी नैर्ऋत्येकडून वारा सुटतो आणि इमारतीच्या एका मजल्यावर धाडकन आवाज होतो. पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावर, मग समोरच्या विंगमध्ये. बाल्कनीची दारे आपटायला लागली, की पावसाळा आल्याची खात्री पटते. मग घरोघरी दाराला अडकण शोधली जाते. कुणी वीस लिटरचा पाण्याचा जार सरकवतो, कुणी कुंडी, तर कुणाच्या घरी आजही वरवंटा या कामाला येतो. आणि मग एखाद्या रविवारी हार्डवेअरच्या दुकानातून ‘मॅग्नेट स्टॉपर’ आणला जातो. सुतार येतो, दारामागे एक नजर टाकतो आणि म्हणतो, “ताई, फरशीवरच मारून देतो, पाच मिनिटांत होईल.”

पाच मिनिटांत होते हे खरे. पण बाल्कनीच्या बाबतीत हा निर्णय बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. का, ते समजून घेण्यासाठी आधी वारा दाराशी नेमके काय करतो ते पाहावे लागेल.

वाऱ्याचा जोर किती?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आयएस ८७५, भाग ३ यात त्यासाठी एक साधे सूत्र आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ने गुणायचे, की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. बाल्कनीचे नेहमीचे अडीच फूट बाय सात फुटांचे दार धरले तर त्याचे क्षेत्रफळ साधारण १.६ चौरस मीटर होते.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांत पावसाळ्यात सारखा दिसणारा आकडा म्हणजे ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे’. यातला ताशी ४० किलोमीटरचा वारा दारावर थेट आदळला, तर दारावर एकूण साधारण १२ किलो वजनाइतका जोर येतो. वारा दीडपट, म्हणजे ताशी ६० झाला, तर जोर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. म्हणजे सुमारे २७ किलो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा शहरात ताशी १०० किलोमीटरच्या पुढचे झोत नोंदले गेले. त्या वेगाला याच दारावर पाऊणशे किलोच्या आसपास जोर येईल.

हे गणित ढोबळ आहे. दार भिंतीला अगदी खेटून असेल तर भिंत त्याला बराच आडोसा देते आणि प्रत्यक्षातला जोर कमी भरतो. दार भिंतीशी काटकोनात, बाल्कनीत पुढे आलेले असेल तर मात्र वारा त्याला पूर्ण अंगावर मिळतो. शिवाय हवामान केंद्राचा वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. चौदाव्या-पंधराव्या मजल्यावर त्याहून जास्त वारा असतो, हे तिथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

हा सगळा जोर चुंबकावर येत नाही. दार एका बाजूने बिजागऱ्यांवर टांगलेले असते आणि वाऱ्याचा जोर साधारण मधोमध धरता येतो. चुंबक दाराच्या मोकळ्या कडेजवळ असेल तर त्याला निम्म्याहून थोडा जास्त भार उचलावा लागतो. ताशी ४० किलोमीटरला सव्वासहा-साडेसहा किलो, ६०ला १४ किलो. तोच चुंबक दाराच्या मध्यावर बसवला तर पूर्ण १२ आणि २७ किलो. आणि बिजागरीपासून जेमतेम १० इंचांवर बसवला, तर ताशी ४०च्या वाऱ्यालाच १८ किलो. म्हणजे तोच चुंबक, तेच दार, तोच वारा. फरक पडतो तो फक्त जागेचा. ‘मॅग्नेट पडेल निघाला’ अशा तक्रारींत अनेकदा चुंबक ठीक असतो, तो दाराच्या आतल्या अर्ध्या भागात लावलेला असतो.

बिजागरीजवळच्या स्टॉपरचा दुसरा तोटा आणखी महाग पडतो. वाऱ्याने दार जोरात उघडले, की असा स्टॉपर टेकूचे काम करतो आणि दार बिजागऱ्यांनाच उपटू लागते. चौकटीतले स्क्रू ढिले होतात, दार खाली बसते आणि फरशीला घासू लागते. मोकळ्या कडेपासून दोन-तीन इंच आत, हीच जागा योग्य. स्टॉपर जमिनीवरचा असो की भिंतीवरचा, हा नियम बदलत नाही.

कोणती दारे जास्त आपटतात?

खरेदीआधी बिजागरी कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. पश्चिमेकडे तोंड असलेली बाल्कनी घ्या. दार बाहेर, बाल्कनीत उघडते. मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे बाल्कनीत तो तिरका शिरतो आणि भिंतीच्या कडेने दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. बिजागरी उत्तरेच्या बाजूला असेल तर हा वारा उघड्या दाराला आणखी उघडायलाच ढकलतो. तिथे स्टॉपरचे काम दार भिंतीवर आपटू न देणे इतकेच. बिजागरी दक्षिणेच्या बाजूला असेल तर गोष्ट उलटी होते. दार काटकोनात उघडे असले तर वारा त्याला बंद करायला ढकलतो. पूर्ण उघडून भिंतीला टेकवले असले तर दाराची मोकळी कड थेट वाऱ्याच्या तोंडाशी येते आणि दार-भिंतीच्या फटीत शिरलेला वारा पहारीसारखा दार उचकटतो. चुंबकाची खरी परीक्षा याच घरांत होते. एकाच सोसायटीत शेजाऱ्याकडे टिकलेला स्टॉपर आपल्याकडे टिकत नाही, त्याचे कारण बहुधा हे असते: शेजारच्या घराचा नकाशा आरशातल्यासारखा उलटा असतो.

घरात उघडणाऱ्या दारांचा स्वभाव वेगळा. बाहेरून आत येणारा वारा त्यांना उघडे ठेवतो. पण इमारतीच्या आडोशाच्या बाजूला असलेल्या घरात कुणी मुख्य दरवाजा उघडला, की हवा जिन्याकडून बाल्कनीकडे धावते आणि जाताना दार ओढून नेते. दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडले आणि मागे काहीतरी फुटले, हा प्रकार त्यातला.

चुंबकाची अडचण चुंबकातच

स्टॉपरचे दोन भाग असतात. एका भागात रबरी कड्याच्या आत चुंबक, दुसरा म्हणजे लोखंडी चकती. साधारणपणे चुंबकाचा भाग जमिनीवर किंवा भिंतीवर आणि चकती दारावर. खोक्यावर पकड किती किलोची हे बहुतेक वेळा लिहिलेले नसते. लिहिलेले असले तरी चुंबकाची ताकद मोजण्याची रीत म्हणजे जाड, सपाट लोखंडावर पूर्ण टेकवून मोजणे. घरातली चकती पातळ असते, ती किंचित तिरकी बसते, तिच्यावर रंगाचा थर चढतो. चुंबक आणि लोखंड यांच्यात एक मिलिमीटरची फट पडली तरी अशा लहान चुंबकाची पकड अनेकदा निम्म्याखाली येते. पाच मिलिमीटरवर ती जवळपास संपते. म्हणून चुंबक दार ‘आवरत’ नाही. तो धरून ठेवतो तोवर धरून ठेवतो, आणि एकदा सुटला की दार पूर्ण मोकळे होते.

यातला खरा पेच मात्र वेगळाच आहे आणि दुकानात तो कुणी सांगत नाही. दाराची मूठ मोकळ्या कडेजवळच असते. म्हणजे वाऱ्याला दार सोडवायला चुंबकाशी जेवढे झगडावे लागते, जवळपास तेवढाच जोर घरातल्या माणसाला मूठ ओढून लावावा लागतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात टिकणारा चुंबक हवा असेल तर दार बंद करताना रोज १४ किलोचा हिसडा द्यावा लागेल. सत्तरीच्या आजींना ते जमणार नाही, आणि रोज तसा हिसडा बसला तर दारावरची चकतीच निघून हातात येईल. हाताने सहज सुटणारा चुंबक मोठ्या झोताला दार सोडणारच. यात कंपनीची लबाडी नाही, निसर्गाचा नियम आहे. ‘वादळातही दार हलणार नाही’ असे सांगून साधा चुंबक विकला जात असेल, तर ते मात्र खरे मानू नये.

आपल्या घरचा चुंबक किती पाण्यात आहे, हे पाहायला प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा वीजकाटा पुरतो. दार स्टॉपरला चिकटवून ठेवावे, काट्याचा पट्टा मुठीला अडकवावा आणि दाराशी काटकोन राहील असा हळूहळू ओढावा. सुटण्याच्या क्षणी दिसलेला सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवावा. अडीच फुटी दारासाठी सहा-साडेसहा किलो आला तर ताशी ४० किलोमीटरचा थेट वारा तो पेलेल. तीन किलो आला तर तो पंख्याच्या वाऱ्यापुरता. तीनदा ओढून तिन्ही आकडे खूप वेगवेगळे आले तर चकती नीट टेकत नाही असे समजावे. ते तपासायला चुंबक आणि चकतीच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी चारही बाजूंनी सरकवून पाहावी. जिथून ती अलगद निघते तिथे फट आहे.

भिंतीवरचा आणि जमिनीवरचा: भार कुठे जातो?

दिसायला दोन्ही प्रकार सारखेच. कित्येकदा एकच वस्तू ‘दोन्हीकडे चालेल’ म्हणून दिली जाते. पण स्क्रूंवर येणारा भार पूर्ण वेगळा असतो.

भिंतीवरचा स्टॉपर दाराच्या रोखाने आडवा उभा असतो. दार येऊन आदळले की धक्का दांड्यातून थेट भिंतीत जातो. स्क्रूंवर काहीच येत नाही, ते फक्त जागा धरून असतात. वारा दार ओढतो तेव्हा स्क्रू सरळ बाहेर ओढले जातात. पण १४ किलोचा भार दोन-तीन स्क्रूंत वाटला जातो आणि चांगल्या भिंतीतल्या चांगल्या प्लगला तो जड नाही.

जमिनीवरचा स्टॉपर म्हणजे एक छोटा खुंटा. दाराचा जोर त्याच्या डोक्याशी, फरशीपासून साधारण चार सेंटिमीटर वर लागतो आणि खुंटा उलथायला बघतो. बैठकीची चकती जेमतेम साडेचार सेंटिमीटरची. १४ किलोचा आडवा जोर चार सेंटिमीटर उंचीवर लागला, तर टाचेच्या बाजूच्या स्क्रूवर उपटणारा भार १९ किलोच्या आसपास येतो. म्हणजे वाऱ्याने लावला त्याहून जास्त. दार उघडताना आदळले की तोच खुंटा उलट्या दिशेला उलथतो. आज इकडे, उद्या तिकडे. शेतातली मेख उपटायची असेल तर ती दोन्हीकडे हलवतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून जमिनीवरचे स्टॉपर वर्षा-दोन वर्षांत डुगडुगू लागतात.

आदळण्याचा धक्काही क्षुल्लक नसतो. लाकडी फ्लश दार २८ किलोचे धरले आणि वाऱ्याने त्याची कड सेकंदाला दोन मीटर वेगाने येऊन थांबली, तर त्या धक्क्यातली ऊर्जा एक किलोची वस्तू सहा फुटांवरून पडावी एवढी असते. रबर दोन-तीन मिलिमीटर दबून ती गिळते, तेव्हा क्षणभर काही शे किलोंचा जोर लागतो. रबर वाळून कडक झाले किंवा गळून पडले की हा जोर आणखी वाढतो. त्यामुळे स्टॉपर घेताना चकाकीआधी रबर पाहावे. नखाने दाबले तर ते दबले पाहिजे.

एका बाबतीत मात्र भिंतीवरचा सरसकट चांगला म्हणता येत नाही, ती म्हणजे भिंत. नव्या इमारतींत अनेक भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या करड्या-पांढऱ्या सच्छिद्र विटांच्या असतात. स्टॉपरच्या पाकिटात मिळणारा इंचभर लांबीचा प्लग अशा भिंतीत अर्धा गिलाव्यात आणि अर्धा भुसभुशीत ब्लॉकमध्ये बसतो आणि दोन महिन्यांत स्क्रूसकट बाहेर येतो. तिथे एएसीसाठीचा किमान अडीच इंची नायलॉन प्लग वेगळा विकत घ्यावा आणि भोक पाडताना ड्रिलची हातोडी बंद ठेवावी, नाहीतर भोक आतून मोठे होते. ड्रिलच्या टोकाला पांढरी मऊ भुकटी आली तर एएसी, लाल आली तर वीट, राखाडी आली आणि ड्रिल अडून बसले तर काँक्रीट. अलीकडच्या उंच टॉवरमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. तिथे भोक पाडायला दमछाक होते, पण बसलेला स्टॉपर पुन्हा हलत नाही.

खाली स्कर्टिंगच्या लादीवर स्टॉपर ठोकण्याचा मोहही टाळावा. ती लादी मागे बऱ्याचदा पोकळ असते. बोटाच्या पेराने टकटक केले की कळते. स्कर्टिंगच्या वर दोन बोटे जागा सोडून बसवणे चांगले. वाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उत्तम जागा दाराच्या मध्यावर, मुठीच्या उंचीला. कारण तिथे दार पिळवटत नाही. पण दार बंद असताना भिंतीतून तीन इंच बाहेर आलेला तो दांडा मुलांच्या डोक्याला आणि मोठ्यांच्या कोपराला लागतो. बाल्कनी अरुंद असेल तर खालीच बसवावा. फ्लश दार तेवढे पिळणे सहन करते. पीव्हीसीची पोकळ दारे करत नाहीत. खाली धरलेले पीव्हीसीचे दार वर फडफडताना दिसते, आणि त्यावर चकतीचे साधे स्क्रूही धरत नाहीत. तिथे आरपार बोल्ट घालून मागे पट्टी लावावी लागते.

फरशीच्या खाली काय असते?

जमिनीवरच्या स्टॉपरला खरा आक्षेप इथे आहे. दिवाणखान्याच्या किंवा बेडरूमच्या दाराला तो लावला आणि ढिला झाला, तर फार तर एक लादी जाते. बाल्कनी ही ओली जागा आहे. तिच्या लादीखाली सिमेंटचा थर, त्याखाली वॉटरप्रूफिंग आणि मग स्लॅब असतो. पाणी जावे म्हणून बाल्कनीला उतार दिलेला असतो, आणि तो थर सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. उंबरठ्याजवळ जाड, तर जाळीजवळ पातळ. वरून पाहून ड्रिल कुठे थांबवायचे हे सुताराला कळत नाही. दीड-दोन इंचांचे भोक एखाद्या घरात सिमेंटच्या थरातच संपते, तर दुसऱ्या घरात वॉटरप्रूफिंग भेदून जाते.

ते भेदले नाही तरी भोकातून पाणी लादीखाली मुरतेच. पावसाळ्यात बाल्कनी दिवसचे दिवस ओली असते, आणि वर पाहिल्याप्रमाणे खुंटा दोन्हीकडे उलथत राहिला की स्क्रूभोवतीची फट मोठी होत जाते. पहिले लक्षण म्हणजे बैठकीच्या चकतीभोवती पांढरी भुकटी किंवा तपकिरी ओघळ. दुसरे, शेजारच्या लाद्या टकटक केल्यावर पोकळ वाजणे. तिसरे लक्षण आपल्या घरात दिसत नाही, ते खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या छताला पोपडे धरून दिसते. मग सोसायटीत पत्रव्यवहार सुरू होतो. खालचा म्हणतो तुमची बाल्कनी गळते, वरचा म्हणतो बाहेरच्या भिंतीतून येते, आणि चारशे रुपयांच्या स्टॉपरची आठवण कुणालाच राहत नाही. दोन-चार स्क्रूंच्या भोकांमुळे प्रत्येक बाल्कनी गळेल असे नाही. पण जे काम भिंतीवर त्याच पैशांत होते, त्यासाठी हा धोका पत्करण्याचे कारण काय, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा स्पष्ट सांगायचे तर, उघड्या दारामागे भिंत येत असेल तर बाल्कनीत भिंतीवरचाच स्टॉपर लावावा. फरशीचा विचार भिंत नसेल तेव्हाच करावा. सुताराचा वेळ वाचतो हे त्याला पुरेसे कारण नाही.

मग जमिनीवरचा कधी?

दारामागे काचेची खिडकी, रेलिंग किंवा वॉशिंग मशीन आले, किंवा दार काटकोनातच थांबवायचे असले, की दुसरा मार्ग नसतो. यात एक विसंगती आहे. काटकोनातल्या दारावर वारा पूर्ण लागतो आणि नेमका तिथेच कमकुवत प्रकारचा स्टॉपर वापरावा लागतो. निदान तो नीट बसवावा.

ठाण्यातल्या चौदाव्या मजल्यावरच्या एखाद्या पश्चिमाभिमुख बाल्कनीचे उदाहरण घेऊ. अडीच फुटी दार बाहेर उघडते, बिजागरी दक्षिणेला, मागे खिडकी. दार हव्या त्या जागी धरून मोकळ्या कडेपासून तीन इंचांवर फरशीवर खूण करायची. ही जागा लादीच्या सांध्यापासून किमान दोन इंच दूर हवी, नाहीतर लादी टवकते. खुणेवर कागदी चिकटपट्टी लावायची, म्हणजे ड्रिल घसरत नाही. लादीतून पार होईपर्यंत ड्रिलची हातोडी बंद, लादीसाठीच्या काचेच्या बिटने, थेंबथेंब पाणी सोडत. लादी आठ-दहा मिलिमीटरची असते. तिच्याखाली आणखी ३० मिलिमीटर गेले की थांबायचे. बिटवर आधीच टेप गुंडाळून खूण केली की अंदाज चुकत नाही. भोकातली भुकटी फुंकून काढायची, नंतर सिलिकॉन सीलंट भरायचे आणि मग प्लग आत ढकलायचा. प्लगचे तोंड लादीच्या खाली गेले पाहिजे. ते लादीच्या जाडीतच राहिले तर स्क्रू आवळताना प्लग फुगतो आणि लादीला केसाएवढी भेग जाते, जी महिनाभराने दिसते. स्क्रू आवळण्याआधी बैठकीच्या खालीही सीलंटची कडी फिरवायची. चोवीस तास तो वाळू द्यायचा आणि मगच दार लावून पाहायचे. हा शेवटचा दिवस कुणीच थांबत नाही.

चिकटपट्टीने चिकटणारे स्टॉपर बाल्कनीत घेऊच नयेत. कोरड्या खोलीत ते चालतात. भिजलेल्या फरशीवर त्यांचा निकाल पहिल्या पावसात लागतो.

धातूबद्दल थोडेसे. समुद्राजवळच्या घरांत ‘स्टील’ एवढे ऐकून घेऊ नये. ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील मागावे. स्वस्त २०२ दर्जाच्या स्टीलवर खाऱ्या हवेत लवकर तपकिरी ठिपके पडतात. आतला चुंबक निओडिमियमचा असेल तर लहान असूनही जोरदार असतो, पण त्यावरचा निकेलचा मुलामा टवकला की गंज चढून तो फुगतो आणि भुगा होतो. काळा फेराइट चुंबक गंजत नाही, मात्र त्याच आकारात पकड बरीच कमी. जमिनीवरच्या स्टॉपरचा चुंबक पाण्यात आणि लादी पुसण्याच्या फडक्याखाली राहतो, त्यामुळे हा मुद्दा त्याला जास्त लागू. चुंबकाच्या तोंडावर लोखंडाचा कीस आणि माती साचत राहते, तीही फटच. पंधरा दिवसांनी एकदा कोरड्या फडक्याने पुसले की पकड परत येते.

चुंबकाला जोड कशाची?

आधीचा पेच, म्हणजे हाताला हलका आणि वाऱ्याला भारी, चुंबकाने सुटत नाही. तो अडकणीने सुटतो. बाजारात असे स्टॉपर मिळतात, ज्यांत चुंबक फक्त एक छोटी जीभ उचलतो आणि ती जीभ दारावरच्या खाचेत अडकते. ओढण्याचा जोर मग चुंबकावर न येता धातूवर येतो, आणि दार किंचित पुढे ढकलून किंवा पायाने जीभ दाबून सोडवायचे असते. वाऱ्याच्या बाल्कनीला हा प्रकार साध्या चुंबकापेक्षा निश्चित चांगला. फक्त आता सगळा भार स्क्रूंवर येणार, हे लक्षात ठेवावे. चुंबक सुटून जात होता म्हणून स्क्रू वाचत होते.

त्याहून स्वस्त उपाय जुन्या चाळींच्या खिडक्यांना अजून लटकलेला दिसतो: लोखंडी आकडा आणि कोयंडा. भिंतीत कोयंडा, दाराला पितळी किंवा स्टीलचा आकडा. दिवसभर चुंबक आणि वारा चढला की आकडा, ही जोडी भिंतीवरच्या स्टॉपरशेजारी सहज बसते. दिसायला जुनाट आहे म्हणून इंटिरिअरवाले तो सुचवत नाहीत. पण ताशी ६० किलोमीटरला तो न कुरकुरता धरतो आणि सोडवायला एक बोट पुरते. त्याच्याही पुढचा वारा असेल तर दार उघडे ठेवण्यात अर्थ नाही, ते बंद करून कडी घालावी.

बाल्कनीच्या ज्या दारांना बाहेरून न उघडणारे लॅच आहे, त्यांच्याबाबत या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. कपडे वाळत घालायला बाहेर गेलेला माणूस, चुंबक सोडणारा एक झोत, आणि मोबाइल आत. घरात एकटे ज्येष्ठ नागरिक असतील तर स्टॉपर निवडण्याआधी ते लॅच बदलून दोन्ही बाजूंनी उघडणारे करून घ्यावे. लहान मुले असतील तर बिजागरीच्या बाजूची फट झाकणारी पट्टीही लावावी. सुटलेल्या दाराचा जोर तिथे कित्येक पटींनी वाढतो आणि बोटे नेमकी तिथेच असतात.

ज्यांच्या बाल्कनीत आधीच फरशीवर डुगडुगणारा स्टॉपर आहे, त्यांनी तो नुसता आवळू नये. झिजलेल्या भोकात स्क्रू पुन्हा फिरवला की आठवडाभर घट्ट वाटतो, इतकेच. पावसाआधीच्या कोरड्या दिवसांत तो काढावा, प्लग पक्कडीने ओढून बाहेर काढावा, भोक दोन दिवस उघडे ठेवून वाळू द्यावे आणि तळापासून वरपर्यंत इपॉक्सीने भरून घ्यावे. वरचे दोन-तीन मिलिमीटर लादीच्या रंगाच्या ग्राउटने बुजवले, की डाग जवळ जाऊन पाहिल्याशिवाय दिसत नाही. त्यानंतर बादलीभर पाणी ओतून, जाळीला बोळा लावून, बाल्कनी एक रात्र तुंबवून ठेवावी आणि सकाळी खालच्या घरी जाऊन छत पाहून यावे.